मदत हवी आहे: ब्लू कट चष्म्याने कॉम्प्युटरवरची डोकेदुखी थांबते का?

संपदा_खानापूर
नमस्कार. मी खानापूरला राहते आणि बेळगावात एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर काम करते. वय ४२. लांबचा चष्मा कॉलेजपासून आहे, दोन्ही डोळ्यांना -१.२५, सिलिंडर नंबर नाही. चष्मा दिवसभर डोळ्यांवरच असतो.

गेल्या दिवाळीपासून दुपारी चारच्या पुढे भुवयांच्या वर जड व्हायला लागतं आणि संध्याकाळी बसमध्ये बसेपर्यंत चांगलंच ठणकतं. रविवारी काही नाही. बी.पी. तपासून घेतलंय, ठीक आहे.

चष्म्याच्या दुकानात गेले तर त्यांनी ब्लू कट काच घ्या म्हणून सांगितलं. एका कार्डावर निळसर टॉर्च मारून दाखवला. साध्या काचेतून ठिपका पडतो, ब्लू कटमधून पडतच नाही. साध्या काचेपेक्षा १८०० रुपये जास्त पडतील. पैसे घालायला माझी ना नाही, पण डोकं खरंच थांबणार असेल तर. कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर सांगा.

विनय_टिळकवाडी
घ्या की ताई, विचार कसला करताय? स्क्रीनमधून निळा उजेड निघतो हे खरंच आहे, आणि त्याने रेटिना हळूहळू जळते. रात्री झोप पण त्यानेच उडते. मी रात्री लॅपटॉपला नाइट मोड लावतो, स्क्रीन पिवळट होते आणि झोप बरी लागते. आयटीत आमच्याकडे सगळ्यांकडे ब्लू कट आहे.

मास्तर_चिक्कोडी
माझं स्वतःचं सांगतो. शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरायची झाल्यापासून माझंही असंच व्हायचं. ब्लू कट चष्मा केला आणि पंधरवड्यात डोकेदुखी गायब. आधी मला चष्माच नव्हता. तपासणीत जवळचा +१.२५ निघाला, त्यातच ब्लू कट करून घेतला. माझ्या मते पैसे वसूल आहेत.

अण्णा_उद्यमबाग
मी फौंड्रीत हाय. आमच्याकडं भट्टीत बघताना निळी काच लावतात. ह्यो ब्लू कट चष्मा भट्टीवर चालतोय काय? डोळं लय चुरचुरालेत. स्वस्तात मिळत असंल तर मीबी घेतो.

नेत्रतपासणी_निपाणी
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, निपाणीत नंबर तपासायचं काम करते. आधी अण्णांचं, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

अण्णा, ब्लू कट चष्मा भट्टीवर अजिबात वापरू नका. तुमची ती गडद निळी कोबाल्टची काच धातूचा पिवळा झगझगाट कापते, म्हणून आतलं नीट दिसतं. डोळ्याला खरा धोका भट्टीच्या उष्णतेचा, म्हणजे इन्फ्रारेडचा असतो. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी बघितलं तर मोतीबिंदू लवकर होतो. ब्लू कट काच ती उष्णता अडवत नाही, आणि वितळलेल्या धातूचा शिंतोडाही नाही. भट्टीसाठी ग्रेड छापलेले गॉगल मिळतात, ते कंपनीकडे मागा. चुरचुरणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

संपदाताई, तुम्हाला दाखवला तो टॉर्च म्हणजे जांभळा लेझर असतो, साधारण ४०५ नॅनोमीटरचा. ब्लू कट काच नेमका तोच पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. कॉम्प्युटर-मोबाईलच्या एलईडीचा निळा उजेड मात्र ४५० च्या आसपास सर्वांत जास्त असतो, आणि दिसायला पांढरी असलेली काच त्यातला बराचसा आत जाऊ देते. सगळा अडवला असता तर काच पिवळी दिसली असती. दुकानात परत गेलात तर तीच काच मोबाईलवरच्या गडद निळ्या चित्रापुढे धरून बघा. चित्र निळंच दिसेल. म्हणजे टॉर्चचा प्रयोग खोटा नाही, पण त्याचा तुमच्या स्क्रीनशी फारसा संबंध नाही.

दुसरं, डोकं निळ्या उजेडाने दुखतं हेच सिद्ध झालेलं नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. ब्लू कट आणि साधी काच यांत डोळ्यांच्या थकव्याच्या बाबतीत फरक पडत नसावा, असा निष्कर्ष निघाला. त्या चाचण्या जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या होत्या, हेही सांगायला हवं.

विनयदादा, स्क्रीनने रेटिना जळते याला आधार नाही. ढगाळ दिवशी अंगणात उभं राहिलात तरी स्क्रीनपेक्षा कितीतरी पट जास्त निळा उजेड डोळ्यांत जातो. झोपेचं तुमचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. रात्रीच्या उजेडाचा झोपेवर परिणाम होतो, पण त्यात स्क्रीनचा भगभगीतपणा आणि उशिरापर्यंत जागणं हेही आलं. नाइट मोड लावाच, त्याला पैसे पडत नाहीत.

मास्तर, तुमची डोकेदुखी गेली याचा आनंद आहे. पण तुमच्या नव्या चष्म्यात दोन गोष्टी एकदम आल्या, जवळचा नंबर आणि ब्लू कट. मला वाटतं काम नंबरने केलं.

ताई, मला एवढं सांगा. कामात कागद किती आणि स्क्रीन किती? अंतर किती? आणि धूसर झालं की ते पापणी मिटल्यावर साफ होतं, की लांब बघितल्यावर?

संपदा_खानापूर
एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार.

काम निम्मं निम्मं आहे. डाव्या हाताला व्हाऊचर आणि पासबुकं असतात, ती बघून आकडे टाकायचे. स्क्रीन हातभर लांब, टेप लावला तर साधारण ६० सें.मी. कागद मात्र ३५ वर येतो, कारण काही जुन्या खातेदारांचं अक्षर फार बारीक असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून काल लक्ष देऊन बघितलं. पापणी मिटून फरक पडत नाही. पण बराच वेळ व्हाऊचर बघून मान वर केली की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ क्षणभर पुसट दिसतं आणि मग हळूहळू स्वच्छ होतं. हे आधी कधी जाणवलं नव्हतं.

नेत्रतपासणी_निपाणी
या घड्याळामुळे बरंच कळतं. पापणी मिटल्यावर साफ झालं असतं तर कोरडेपणाचा संशय घेतला असता. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतो, आणि त्यात पंखा तोंडावर असला की अश्रूंचा थर सुकतो. तुमचं मात्र फोकस करणाऱ्या स्नायूचं दिसतंय. जवळ बघून बघून तो आवळलेला राहतो आणि सैल व्हायला वेळ घेतो.

हिशेब सोपा आहे. एक मीटरला अंतराने भागायचं. लांबचा चष्मा घालून ६० सें.मी. वर बघायला डोळ्याला साधारण १.७ नंबरचा जोर लावावा लागतो, ३५ सें.मी. च्या कागदाला २.९ चा. तुमच्या वयाला डोळ्याची पूर्ण ताकद सरासरी ६ च्या आसपास असते, काहींची ४.५ च असते. दिवसभर त्रास न होता वापरता येते ती साधारण निम्मी, म्हणजे सव्वादोन ते तीन. तुम्ही कागदावर रोज तासन् तास त्या टोकाला काम करताय. पस्तिशीत हेच काम याच चष्म्याने चालून गेलं, कारण तेव्हा ताकद जास्त होती. वयाप्रमाणे ती कमी होते, यात आजार काही नाही.

आता गंमत अशी की तुमचा नंबर मायनस आहे. चष्मा काढलात तर सव्वा नंबरची मदत आपोआप मिळते. कागदाला २.९ ऐवजी १.६-१.७ पुरतो, स्क्रीनला तर अर्ध्यापेक्षाही कमी. उघड्या डोळ्यांनी तुम्हाला ८० सें.मी. पर्यंत स्वच्छ दिसायला हवं, स्क्रीन त्याच्या आतच आहे. तर काही दिवस टेबलाशी चष्मा काढून काम करून बघा. भुवयांवरचं जडपण उतरलं तर दुखण्याचं कारण सापडलं. मग नीट तपासणी करून कामापुरता वेगळा चष्मा करता येईल, तुमच्या बाबतीत कदाचित -०.५० च्या आसपास. त्यात काउंटरपलीकडचा माणूसही बरा दिसेल. साध्या काचेत करा, हवं तर अँटी-ग्लेअर घ्या. स्कूटर चालवताना मात्र लांबचाच चष्मा.

एक काळजीचं सांगते. सकाळी उठतानाच डोकं दुखणं, उलटी, दिव्याभोवती रंगीत वर्तुळं, किंवा एकाच डोळ्यात दुखून लाल होणं, यातलं काही दिसलं तर हे प्रयोग बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

विनय_टिळकवाडी
रेटिनाचं नवीनच कळलं, वाचून ठेवतो. मग २०-२०-२० चं काय? वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, ते तरी खरं ना?

नेत्रतपासणी_निपाणी
दिशा बरोबर आहे. आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत, वीसच सेकंद पुरतात याचा पक्का पुरावा नाही. मी तर लोकांना उठायलाच सांगते. खिडकीतून रस्त्यापलीकडची पाटी वाचा, दोन-चार वेळा पापण्या पूर्ण मिटा, पाणी पिऊन या. काउंटरपुढचा माणूस बघणं यात धरू नका, तो फार जवळ असतो.

मास्तर_चिक्कोडी
तुमचं म्हणणं तर्काला धरून आहे. तरी मला ब्लू कटमधून स्क्रीन शांत वाटते, हेही खरं आहे. पुढच्या वेळी त्याच नंबरची साधी काच करून बघेन.

संपदा_खानापूर
टेबलाशी चष्मा काढून काम करतेय. पहिल्या दिवशी सवयीने हात चष्म्याकडे जात होता. स्क्रीन स्वच्छ दिसते, व्हाऊचर तर जास्तच स्पष्ट. भुवयांवरचं जडपण बरंच उतरलंय, कालच्या बसमध्ये ठणक नव्हती. पण मानेच्या वर, मागच्या बाजूला अजून दुखतं, ते तसंच आहे. मॉनिटर आमच्याकडे सीपीयूवर ठेवलाय, त्यामुळे मान थोडी वर करूनच बघावं लागतं. त्याचाच परिणाम असेल का?

नेत्रतपासणी_निपाणी
असू शकतो. सीपीयू खाली ठेवून मॉनिटर थेट टेबलावर आणा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी. स्क्रीन खाली असली की पापणीही डोळ्यावर जास्त येते, ओलावा टिकतो. व्हाऊचर टेबलावर आडवी न ठेवता स्क्रीनच्या शेजारी स्टँडवर उभी लावा, मान वळवणं कमी होईल. एवढं करूनही मागचं दुखणं राहिलं तर ते मानेचं समजून हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारा, त्यात मी बोलणं बरोबर नाही.

अण्णा_उद्यमबाग
गॉगलचं सुपरवायझरला सांगितलंय. बघूया म्हणालेत. ग्रेड म्हणजे नेमकं कुठं छापलेलं असतंय, काचंवर का फ्रेमवर?

नेत्रतपासणी_निपाणी
काचेच्या कडेला बघा अण्णा, बारीक अक्षरात असतं. जुन्या काचांवर पुसलेलं असेल तर फोटो टाका इथे.