सॉफ्टनरने कॉफी सुधारणार नाही

> खाडीजवळच्या बोअरचं पाणी. किटलीत पांढरी खपली धरते, कॉफी सपक लागते. सॉफ्टनर बसवू का?

खपली थांबेल, कॉफी तशीच राहील. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो. बायकार्बोनेट, म्हणजे क्षारता, तेवढीच राहते. कॉफीतलं आम्ल मारून ती खडूसारखी सपक करते ती हीच क्षारता. कॅल्शियम जोडीला असलं की उकळताना दोघांचा कार्बोनेट होऊन तळाला बसतो.

आधी क्षारता मोजा. मत्स्यालयाच्या दुकानात केएच किट मिळतं. ५ मिली पाण्यात निळ्याचं पिवळं व्हायला ११ थेंब लागले, तर क्षारता साधारण २०० मिग्रॅ प्रति लिटर (एक थेंब म्हणजे सुमारे १८). कॉफीला ४० च्या आसपास बरी. म्हणून एक भाग बोअरचं, चार भाग आरओचं पाणी. नुसतं आरओ नको, कॉफी आंबट आणि पोकळ होते. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मुळातच मऊ असतं. मिळालं तर आरओऐवजी तेच, पण तेही मोजून.

जुनी खपली काढायला लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व, अर्धा तास. उकळू नका, कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो, आणि तो जास्त चिवट.

पाणी मचूळ लागत असेल तर मात्र एस्प्रेसो मशीनमध्ये ते मिसळूनही घालू नका. क्लोराइड स्टीलच्या बॉयलरला बारीक भोकं पाडतं, आणि ते खपलीसारखं आधी दिसत नाही.