मावशी, मेथी आणि क्रियापद

> माझ्या गोष्टीत नायिका मंडईत म्हणते, 'मावशी, कृपया मला मेथीची एक जुडी दे.' संवाद खोटा का वाटतो?

हाक बरोबर आहे, गडबड पुढच्या शब्दांत आहे. अनोळखी मावशींना 'दे' म्हटलं की एकेरी होतं, तिथे 'द्या' हवं. आणि 'कृपया' सूचनाफलकावरचं वाटतं. बोलताना विनंतीचं काम 'ना' करतो: 'मावशी, मेथी कशी दिली?' मग 'एक जुडी द्या ना, ताजी बघून.'

हाक पहिल्या वाक्यात एकदा पुरे. ती परत येते घासाघीस करताना, आणि तेव्हा शेवटी जाते: 'पंधराला द्या ना, मावशी.' सुरुवातीची हाक लक्ष वेधते, शेवटची आर्जव करते. मेसेजमध्येही तसंच. डबेवाल्या मावशींना मी लिहिते, 'मावशी, उद्या दोन डबे जास्त द्याल का? पाहुणे आलेत.' दुसऱ्या वाक्यात पुन्हा मावशी नको.

निवेदनातही जपा. 'मावशीला पैसे दिले' वाचलं की सख्खी मावशी डोळ्यांसमोर येते. 'मावशींना पैसे दिले', 'मावशी हसल्या' असं लिहा. रिक्षावाल्या काकांचंही तेच: 'काकांनी मीटर टाकलं.'

एक गोष्ट मला खुपते. त्याच वयाच्या सोसायटीतल्या बाईंना आपण 'काकू' म्हणतो आणि भाजीवालीला, कामवालीला 'मावशी'. तुमच्या नायिकेने भाजीवालीला 'काकू' म्हटलं, तर वाचकाला ते लगेच जाणवेल. ते मुद्दाम हवं असेल तरच करा. विकणारी तरुण असेल, तर 'ताई'.