'ॲज पर माय लास्ट ईमेल' मराठीत कसं लिहावं?

रेघोटी
कार्यालयीन संदेशांचे काही तयार नमुने मराठीत करायचे आहेत. त्यात 'ॲज पर माय लास्ट ईमेल'पाशी अडलं आहे. पहिल्या खर्ड्यात 'माझ्या शेवटच्या ईमेलनुसार' असं होतं. तपासणाऱ्यांनी दोन आक्षेप घेतले. एक म्हणजे 'शेवटचा' चूक आहे. दुसरा असा की वाक्य वाचताना 'एकदा सांगितलेलं कळत नाही का?' असं ऐकू येतं. इंग्रजीतही हा प्रयोग बोचरा समजला जातो, त्यामुळे बोच काढायची हे ठरलेलं आहे. पण गुळमुळीतही नको. नमुन्यात एकाच वाक्याची जागा आहे. काय लिहावं?

सानुनासिक
'शेवटचा' आधी काढा. शेवटची गाडी, शेवटची इच्छा, शेवटची ताकीद. त्यानंतर काही उरत नाही. तुम्हाला 'आधीचा' म्हणायचं आहे. 'मागचा' चालेल, पण मध्ये आणखी दोन मेल होऊन गेले असतील तर वाचणारा भलताच मेल उघडून बसतो. त्यापेक्षा तारीख घाला: '३ जूनचा मेल'.
आणि 'नुसार'ही नको. नियमानुसार, कायद्यानुसार, आदेशानुसार. ज्याच्यामागे अधिकार असतो त्यालाच 'नुसार' लागतं. स्वतःच्या मेलला ते लावलं की मेलचा हुकूम होतो. सगळी बोच तिथे आहे.

जावक बारनिशी
तारखेबद्दल शंभर टक्के सहमत. 'नुसार'बद्दल नाही. सोयीनुसार, आवडीनुसार, माझ्या माहितीनुसार. सोयीला कसला आलाय अधिकार?
खरी अडचण निराळी आहे. 'नुसार' काय आणि 'प्रमाणे' काय, त्यांच्यापुढे येणारी गोष्ट आधी सांगितलेल्या गोष्टीशी जुळणारी असावी लागते. 'कळवल्याप्रमाणे बैठक मंगळवारी आहे' हे वाक्य ठीक, कारण कळवलं होतं मंगळवार आणि आहेही मंगळवारच. पण लोक सर्रास लिहितात, 'कळवल्याप्रमाणे अद्याप अहवाल मिळालेला नाही.' याचा सरळ अर्थ काय? अहवाल मिळणार नाही असं तुम्ही कळवलं होतं आणि त्याप्रमाणे तो मिळाला नाही! 'विनंती केल्याप्रमाणे आपण उत्तर दिले नाही' हेही तसंच. व्याकरण अडखळतं आणि त्या फटीतून नुसता राग बाहेर येतो.
म्हणून एका वाक्यात हे बसणार नाही. इंग्रजी प्रयोग तीन वेगवेगळ्या वेळी वापरतात: जे आधीच सांगितलं तेच समोरच्याने पुन्हा विचारलं तेव्हा, उत्तरच आलं नाही तेव्हा, आणि ठरल्याच्या उलट काही झालं तेव्हा. मराठीत 'प्रमाणे' फक्त पहिल्या प्रसंगात नीट बसतं.

शंखपुष्पी
एवढं कशाला? 'माझा मेल पाहिलात का?' असं विचारावं. प्रश्न आहे, हुकूम नाही. साहेबांनाही लिहिता येतं.

जावक बारनिशी
त्या प्रश्नाला 'हो, पाहिला' एवढं उत्तर पुरतं, आणि तेवढंच येतं. काम तिथेच राहतं. शिवाय वरिष्ठाला तो प्रश्न हजेरी घेतल्यासारखा वाटतो. विचारायचंच तर मेलबद्दल न विचारता कामाबद्दल विचारा: '३ जूनला पाठवलेल्या मसुद्यात काही बदल हवेत का?' याला 'नाही' असं उत्तर आलं तरी काम पुढे सरकतं.

शंखपुष्पी
हे बरं आहे. पण 'तुमच्या नजरेतून सुटलं असेल' हे लिहितात ते? ते तर अगदी नम्र आहे.

सानुनासिक
नम्र दिसतं, पण नजर कुणाची? तुमची! चूक समोरच्याचीच ठरली.

कोरा कागद
माझं प्रकरण सांगतो, त्यावर कुणी नेमकं सुचवा. ग्राहकाचं माहितीपत्रक छापायचं आहे. ३ जूनच्या मेलमध्ये तीन गोष्टी मागितल्या: नमुन्याला मंजुरी, प्रतींची संख्या, पोचवायचा पत्ता. ७ जूनला उत्तर आलं. त्यात फक्त पत्ता आहे आणि खाली 'छपाई कधी सुरू करताय?' मी लिहिलेला मसुदा असा:
'माझ्या आधीच्या मेलमध्ये स्पष्ट लिहिल्याप्रमाणे आपल्या मंजुरीशिवाय छपाई सुरू करता येणार नाही. कृपया मेल नीट वाचावा.'
अजून पाठवलेला नाही.

जावक बारनिशी
बरं झालं पाठवला नाहीत. यात 'प्रमाणे' व्याकरणाने बरोबर आहे, पण 'स्पष्ट' आणि 'नीट' या दोन शब्दांनी घात केला आहे. 'स्पष्ट' म्हणजे मी नीट लिहिलं होतं, 'नीट वाचावा' म्हणजे तुम्ही नीट वाचलं नाहीत. पुढे लावलेल्या 'कृपया'ने ते झाकलं जात नाही. 'कृपया' आणि उपदेश एकत्र आले की 'कृपया'च कडवट लागतं.
असं लिहून पाहा:
'पत्ता मिळाला, आभार. नमुन्याला मंजुरी आणि प्रतींची संख्या कळली की त्याच दिवशी छपाई सुरू करतो. ३ जूनला पाठवलेला नमुना सोयीसाठी पुन्हा जोडला आहे. १० जूनपर्यंत मंजुरी आल्यास प्रती १७ जूनला पोचतील.'
काय बदललं ते सांगतो. जे मिळालं त्याची पोच पहिली, म्हणजे त्यांचा मेल तुम्ही वाचला हे दिसतं. 'मंजुरीशिवाय नाही' याचं 'मंजुरी मिळाली की लगेच' झालं. अट तीच, फक्त दार बंद न दिसता उघडं दिसतं. जुन्या मेलचा उल्लेख 'पाठवलेला' या विशेषणात गेला, त्यामुळे 'मी' आलाच नाही, पण नोंद राहिली. आणि त्यांच्या प्रश्नाला तारखेसकट उत्तर मिळालं.
नमुना पुन्हा जोडणं विसरू नका. मेलला उत्तर देताना आधीचा मजकूर खाली येतो, पण जोडलेली फाइल सहसा येत नाही. ती फॉरवर्ड करताना येते. 'खालील मेल पाहावा' लिहिणारे इथेच फसतात. खाली मजकूर असतो, फाइल नसते. शिवाय मोबाइलवर जुना मजकूर बहुधा मिटलेला असतो. हवी असलेली ओळच उचलून वर आणावी.

कोरा कागद
हे उपयोगी आहे. पण उद्या त्यांनी 'तुम्ही कळवलंच नाही' म्हटलं तर? माझ्या वाक्यात निदान पुरावा होता.

जावक बारनिशी
पुरावा तारखेत असतो, सुरात नसतो. प्रकरण वादावर आलंच तर सरकारी पत्रातली जुनी सोय वापरा. विषयाखाली 'संदर्भ : आमचा दि. ३ जूनचा मेल' अशी स्वतंत्र ओळ. मग मजकुरात 'मी सांगितलं' म्हणायची गरजच पडत नाही. 'संदर्भ'मध्ये कर्ताही नाही आणि क्रियापदही नाही, त्यामुळे दोष कुणाकडेच जात नाही. ते ठाम आहे, बोचरं नाही. रोजच्या मेलमध्ये मात्र ते फार कडक दिसतं, म्हणून राखून वापरा.

सानुनासिक
आणि त्याखाली 'उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये' लिहू नका! 'उपरोक्त' हा शब्दच अशुद्ध आहे. उपरि अधिक उक्त म्हणजे 'उपर्युक्त'.

शंखपुष्पी
'उपर्युक्त' वाचायला कुणाला वेळ आहे? जावक विभागातून निघणाऱ्या प्रत्येक पत्रात 'उपरोक्त' असतं. इतके जण लिहितात आणि सगळ्यांना कळतं, मग अशुद्ध कसं?

सानुनासिक
सगळ्यांनी केली म्हणून चूक बरोबर होत नाही.

जावक बारनिशी
'वरील' लिहा, भांडण मिटेल. 'पत्रान्वये'च्या जागी 'पत्रात' लिहिलं तरी काही बिघडत नाही.

रेघोटी
मूळ मुद्द्यावर येऊ का? तीन प्रसंग वेगळे आहेत हे पटलं. मग नमुन्यात तीन वाक्यं घालावीत असं वाटतंय. पहिल्यासाठी '३ जूनच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे बैठक मंगळवारी ११ वाजता आहे', म्हणजे माहितीही पुन्हा तिथेच. उत्तर आलं नसेल तेव्हा 'मसुद्यात काही बदल हवेत का? शुक्रवारपर्यंत कळवल्यास पुढचं काम सुरू करता येईल.' तिसऱ्यावर अडले आहे. ठरलं एक आणि झालं दुसरंच, तेव्हा? '३ जूनला कळवलं होतं की...' असं सुरू केलं, तर पुन्हा तोच सूर लागतोय.

जावक बारनिशी
कारण 'होतं'. मराठीत 'सांगितलं आहे' ही माहिती असते आणि 'सांगितलं होतं' ही तक्रार असते. 'होतं'च्या पुढे न बोललेलं 'तरीही' उभं असतं. तिसऱ्या प्रसंगात दोन तथ्यं शेजारी ठेवा आणि प्रश्न विचारा: '३ जूनच्या मेलमध्ये ५०० प्रती आहेत, आजच्या मागणीपत्रात ३००. यांपैकी कोणती संख्या धरावी?' कदाचित त्यांनी संख्या जाणूनबुजून बदलली असेल. प्रश्न विचारला की त्यालाही जागा राहते, आणि चूक तुमच्याकडची निघाली तरी पंचाईत होत नाही.

सानुनासिक
उदाहरण उत्तम, पण 'होतं'वरचा आरोप मान्य नाही. नेमकी जुनी तारीख आली की 'होतं'च बरोबर. '३ जूनला कळवलं आहे' हे कानाला खटकतं. 'गेल्या वर्षी आम्ही अर्ज केला होता' यात कसली तक्रार?

जावक बारनिशी
अर्ज केला होता, पण पुढे काय झालं, हे विचारावंसं वाटलं ना? तेच ते 'तरीही'.

सानुनासिक
उत्सुकता आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शंखपुष्पी
साधं 'कळवलं' लिहा की. '३ जूनला कळवलं.' आहेही नको, होतंही नको.

कोरा कागद
आणि क्रियापद 'सांगितलं' नको ना? वरिष्ठ कनिष्ठाला सांगतो. 'कळवलं' दोन्ही दिशांना चालतं.

जावक बारनिशी
लेखी व्यवहारात हो. पण 'सांगणं' खालच्या दिशेनेच जातं असं नाही, लेकरूही आईला सांगतंच. मेलमध्ये 'मी सांगितल्याप्रमाणे' मात्र शिकवल्यासारखं वाटतं खरं.

सानुनासिक
रेघोटी, तुमच्या पहिल्या वाक्यात 'मेल' आहे. 'ईपत्र' का नको? 'विरोप' हाही छान शब्द आहे, विद्युत निरोप.

शंखपुष्पी
'विरोप' पाठवला तर आधी शब्दाचा अर्थ कळवणारा दुसरा मेल पाठवावा लागेल.

कोरा कागद
'विपत्र'ही वाचलं आहे कुठेतरी.

सानुनासिक
विपत्र नको. संस्कृतात विपत्र म्हणजे पानं झडलेलं झाड.

रेघोटी
'मेल'च ठेवते. फक्त एक शंका. तपासणाऱ्यांनी '३ जूनला पाठवलेला मेल' हे सुधारून '३ जूनला पाठवलेली मेल' केलं आहे. मेल तो की ती?

शंखपुष्पी
ती. चिठ्ठी आली, मेल आली.

सानुनासिक
तो. निरोप आला, संदेश आला, मेल आला. 'ती मेल' म्हणजे रुळांवरून जाते ती.

कोरा कागद
आमच्याकडे अर्धे 'आला' म्हणतात, अर्धे 'आली'. अनेकवचन काय करायचं, 'मेल आले' की 'मेली आल्या'?

जावक बारनिशी
'मेली' लिहू नका, अर्थ बदलतो. 'मेल आले' लिहा, आणि पुल्लिंगी धरलं की तेच आपोआप येतं.

शंखपुष्पी
स्त्रीलिंगी धरूनही 'मेल्स आल्या' म्हणतातच की.