वार्षिक सभेचं इतिवृत्त : ‘कोरम पूर्ण’ एवढंच लिहिणं पुरे का?

दुसरामजला : आमच्या सोसायटीत ४८ सभासद. वार्षिक सभा सकाळी १० ची होती. साडेदहाला हजेरीपुस्तकात २० सह्या झाल्या आणि लगेच सभा सुरू केली. पण त्यातल्या दोन सह्या वडिलांचं अधिकारपत्र घेऊन आलेल्या मुलांच्या. पावणेअकराला आणखी चौघे आले. आता इतिवृत्तात आहे, ‘कोरम पूर्ण असल्याने सभा सुरू झाली, उपस्थिती २४’. मी हरकत घेतली तर समिती म्हणते, खुसपटं काढू नका. तुमचं मत?

निवांत_नाना : समितीचं बरोबर आहे. इतिवृत्त म्हणजे पंचनामा नव्हे. माणसं बसली, चहा झाला, ठराव झाले. कोण किती वाजता आलं ते लिहायला लागलात तर पुढच्या सभेत अर्धा तास त्यावरच भांडण.

सीएस_ठाणे : प्रॉक्सी कायदेशीर असते. सभेच्या ४८ तास आधी दिलेली असली की झालं. त्यामुळे २० चा आकडा मला योग्य वाटतो, फक्त प्रॉक्सींची वेगळी नोंद हवी.

जुना_चिटणीस : ते कंपनीचं झालं, आणि तिथेही प्रॉक्सी कोरममध्ये धरत नाहीत. सहकारी संस्थेत सभासदाने स्वतः मत द्यायचं असतं. आदर्श उपविधींत तर मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्याला सर्वसाधारण सभेत बसायचाही हक्क नाही. शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असेल आणि वडील आले नसतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो संयुक्त सभासद म्हणून येतो, अधिकारपत्राची गरजच नाही.

कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा. तुमचे दोन तृतीयांश ३२ होतात, म्हणजे २० लागतात. साडेदहाला खरे १८ होते. अर्ध्या तासात कोरम झाला नाही की सभा तहकूब. नोटिशीत त्याच दिवशीची पुढची वेळ दिली असेल तर त्या वेळी, नाहीतर ७ ते ३० दिवसांत. तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणून मला गंमत वाटते, लोक लपवतात कशाला? ‘१०.३० वाजता १८ सभासद उपस्थित, कोरमअभावी तहकूब, ११ वाजता त्याच जागी पुन्हा सुरू, उपस्थित २२’ हे वाक्य ‘कोरम पूर्ण’पेक्षा कितीतरी भक्कम आहे.

दुसरामजला : नोटिशीत ११ ची वेळ होती. पण तोवर कोणी थांबलंच नाही. चौघे यायच्या आत हिशेब मंजूर झाले होते. आणि त्या दोन्ही मुलांची नावं सर्टिफिकेटवर नाहीत.

निवांत_नाना : मग ‘११ ला सुरू झाली’ असं लिहा. विषय संपला.

जुना_चिटणीस : नाना, ते खोटं होईल. आणि उद्या कोणी उपनिबंधकांकडे गेलं तर गटावरचे फोटो वेळेसकट निघतील. जे झालं ते लिहा : हिशेबाच्या वेळी १८, चौघे १०.४५ ला आले, पुढच्या विषयांना २२. मतदान झालं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. आधीच्या ठरावात उशिरा आलेल्याची ‘एकमताने’मध्ये भर पडायला नको. हिशेबाचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत पुन्हा ठेवा.

शिल्पा_डोंबिवली : आमच्याकडे पुनर्विकासाची सभा होती. तिथे २० चालत नाहीत, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश लागतात, शिवाय चित्रीकरण. दाराशी बसून मुलगा-सून कोण आणि सभासद कोण हे मीच तपासत होते. एका काकूंनी आठवडाभर बोलणं टाकलं. पण नंतर वाद झाला तेव्हा ती यादीच कामाला आली.

टेबलखुर्ची : आणि न येणाऱ्यांचं काय? आमचे सचिव ‘अमुक यांनी दिलगिरी कळवली’ अशी अर्धं पान यादी देतात. कशाला?

जुना_चिटणीस : सर्वसाधारण सभेत तो शिष्टाचार, एका ओळीत आटपा. समितीच्या सभेत मात्र लिहाच. परवानगीशिवाय लागोपाठ तीन मासिक सभा चुकवल्या तर समिती सदस्याचं पद जातं. परवानगी मागितली होती का, दिली का, हे इतिवृत्तातच सापडायला हवं.

सीएस_ठाणे : कोरममधल्या प्रॉक्सीचं मान्य, माझी गल्लत झाली. पण हिशेब पुन्हा ठेवायची गरज मला पटत नाही. कोणाचीच हरकत नसेल तर दुरुस्त इतिवृत्त कायम केलं की पुरे.

जुना_चिटणीस : इतिवृत्त कायम करणं म्हणजे नोंद बरोबर आहे एवढंच मान्य करणं. १८ जणांचा ठराव त्याने वैध होत नाही.

निवांत_नाना : ३० सप्टेंबरच्या आत सभा घेतली हेच पुष्कळ म्हणायचं! दुसरी बोलवली तर १८ तरी येतील का?

दुसरामजला : मसुद्यावर लेखी हरकत देतोय. आकडे आणि वेळा दुरुस्त करा, एवढीच. हिशेबाचं समितीला विचारतो, दोघं आत्ताच नाही म्हणालेत.