ओव्हरशूट ७९ टक्के की ५०? गणित खरं मानायचं की स्कोप?

ऋतुजा_एसई
सीरिज आरएलसीच्या स्टेप रिस्पॉन्सचं प्रॅक्टिकल झालं. ४७ ओहम, १० मिलिहेन्री, ०.१ मायक्रोफॅरड, फंक्शन जनरेटरमधून २०० हर्ट्झची चौकोनी लहर, शून्य ते १ व्होल्ट. सूत्राने डॅम्पिंग रेशो ०.०७४, ओव्हरशूट ७९ टक्के आणि सेटलिंग टाइम १.७ मिलिसेकंद येतो. स्कोपवर कपॅसिटरच्या टोकांना पाहिलं तर पहिलं शिखर १.५ व्होल्टवर, आणि ०.५४ मिलिसेकंदाच्या आसपास लहर २ टक्क्यांच्या पट्ट्यात येऊन बसते. सर म्हणतात रीडिंग चुकलं, जर्नलमध्ये सूत्राचेच आकडे लिहा. माझं मत असं की स्कोपचाच आकडा लिहावा आणि डॅम्पिंग रेशोही त्यावरूनच काढावा. तुम्ही कोणत्या बाजूला?

निखिल पी
स्कोपच्या बाजूला, पण तुझं रीडिंग दुरुस्त करून. जनरेटरच्या पोटात ५० ओहम असतात हे कुणी सांगतच नाही. तुझे ४७ आणि आतले ५०, म्हणजे व्होल्टेज जवळपास अर्धं आतच राहिलं. स्टेप १ नाही, अर्ध्या व्होल्टची धर आणि पुन्हा टक्के काढ.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला
निखिल, ५० ओहमपर्यंत बरोबर पोचलात आणि तिथून वाट चुकलात. लहर विरली की या सर्किटमधून करंट वाहतच नाही, कपॅसिटर भरलेला असतो. करंट नाही तर ५० ओहमवर व्होल्टेज कुठून पडणार? शेवटची पातळी पूर्ण १ व्होल्टच राहते आणि ओव्हरशूटचे टक्के तिच्यावरच मोजायचे. ते ५० ओहम व्होल्टेज वाटत नाहीत, ते R मध्ये मिळतात.

ऋतुजा, सर आणि तू दोघंही एक गोष्ट विचारत नाही आहात. रीडिंग चुकलं म्हणजे नेमकं काय चुकलं? पहिलं शिखर स्टेपनंतर किती वेळाने आलं ते सांग. आणि कॉइल सर्किटमधून काढून तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लाव.

ऋतुजा_एसई
शिखर ०.१० मिलिसेकंदावर. कॉइल २८ ओहम दाखवते! लेबलवर फक्त १० मिलिहेन्री लिहिलंय.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला
मग अर्धं कोडं सुटलं. तुझ्या सूत्राने शिखर ०.०९९६ मिलिसेकंदावर यायला हवं होतं. स्कोपवर ०.१० आलं, म्हणजे वेळ जुळली आणि उंची जुळली नाही. हीच खूण आहे. शिखराची वेळ ठरते LC च्या गुणाकारावर, डॅम्पिंगचा तिच्यावर फारसा जोर चालत नाही, कारण

```
ζ  = (R/2)·√(C/L)
ωd = ω0·√(1 − ζ²)
```

यात ζ ०.०७ चा ०.२ झाला तरी ωd जेमतेम २ टक्क्यांनी घसरते. उंची मात्र त्याच बदलाने ७९ वरून ५३ वर येते. म्हणून वेळ बरोबर आणि उंची कमी असेल, तर L आणि C वर संशय घेण्याआधी R कडे बघायचं.

आता खरा R मोज. ४७ तुझे, ५० जनरेटरचे, २८ कॉइलचे. झाले १२५. त्यावरून ζ = 0.198, ओव्हरशूट ५३ टक्के, आणि 4/(ζω0) ने सेटलिंग टाइम ०.६४ मिलिसेकंद. १.७ कुठल्या कुठे गेले. जाता जाता एक गंमत बघ: ζω0 म्हणजे R/2L, त्यात C नाहीच. कपॅसिटर दुप्पट केलास तर लहरी संथ होतील, पण त्या विझायला लागणारा वेळ साधारण तेवढाच राहील.

प्रा_मॅडम
मी याच विषयाची शिक्षिका आहे, त्यामुळे सरांची बाजू थोडी घेते. जर्नलमध्ये खोटा आकडा लिहा म्हणणं चूकच. पण "ζ स्कोपवरूनच काढावा" हेही मला पटत नाही. वर काय झालं ते पाहा. सूत्र खोटं ठरलं का? नाही, त्यात R अपुरा टाकला होता. सूत्र होतं म्हणूनच ७८ ओहम हरवलेत हे कळलं. नुसता १.५ व्होल्टचा आकडा घेऊन बसलेल्या मुलाला काही हरवलंय याचा पत्ताही लागला नसता. शिवाय जे सर्किट अजून बांधलंच नाही, त्याचा ζ कोणत्या स्कोपवर बघणार?

हार्डवेअर_पल्लवी
मॅडम, बांधून झालेल्या सर्किटने मला जे शिकवलं ते कुठल्याच सूत्राने शिकवलं नसतं. आमच्या एका बोर्डावर १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक मीटर वायर आणि इनपुटला १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. अडॅप्टर आधीच चालू, नंतर पिन खोचली, की रेग्युलेटर जळायचा. वायरचा एक मायक्रोहेन्री धरला आणि सगळा मिळून ०.१ ओहम, तर ζ = 0.16, ओव्हरशूट ६० टक्के, म्हणजे १९ व्होल्टच्या वर. रेग्युलेटरची मर्यादा १८ ची! सेटलिंग टाइमशी मला काही देणंघेणं नाही, पहिलं शिखरच जीव घेतं.

प्रा_मॅडम
पल्लवी, तुम्ही आत्ता जे केलंत ते सूत्रानेच केलंत ना?

हार्डवेअर_पल्लवी
केलं, पण जळल्यावर. आणि सूत्र तिथेही कमीच सांगतं. सिरॅमिकवर व्होल्टेज वाढलं की त्याची कपॅसिटी घसरते. ऐन शिखराजवळ C लहान होतो, तीच ऊर्जा लहान कपॅसिटरमध्ये कोंबली जाते आणि व्होल्टेज आणखी वर जातं. सूत्राप्रमाणे R शून्य असला तरी ओव्हरशूट १०० टक्क्यांपलीकडे जात नाही. असल्या कपॅसिटरवर दुपटीच्या वर गेलेलं शिखर मी पाहिलंय. शेवटी शेजारी एक जाडजूड इलेक्ट्रोलिटिक लावला. त्याचा आतला अर्धा ओहम आम्ही एरवी शिव्या घालत असतो, तोच इथे कामी आला.

निखिल पी
बरं, पातळीचं मान्य. पण ऋतुजाचं गणित अजून जुळलेलं नाही. १२५ ओहमला ५३ टक्के आणि ०.६४, स्कोपवर ५० आणि ०.५४. ओव्हरशूटमध्ये तीन टक्क्यांचा फरक, आणि सेटलिंग टाइममध्ये थेट १५ टक्क्यांचा. एकाच R ने दोन्ही कसे सुटणार?

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला
हा प्रश्न आवडला. उत्तर असं की 4/(ζω0) सेटलिंग टाइम देतच नाही, ते लहरींवरून ओढलेल्या कवचाची वेळ देतं. खरी लहर कवचाला अधूनमधूनच शिवते.

मोजून बघू. R १२५ असेल तर प्रत्येक शिखर-दरीचं अंतिम पातळीपासूनचं अंतर आधीच्याच्या ०.५३१ पट: ५३, २८, १५, ८, ४.२, २.२ टक्के. सहावं टोक २.२ टक्क्यांवर म्हणजे पट्ट्याच्या जरासं बाहेर, म्हणून लहर त्यानंतर बसते, ०.६२ मिलिसेकंदाला. आता R १२९ कर. सहावं टोक २ टक्क्यांच्या आत सरकतं आणि बाहेर राहिलेलं शेवटचं टोक ठरतं पाचवं. सेटलिंग टाइम एकदम ०.५४ वर उडी मारतो. चार ओहमचा फरक, पण वेळ १३ टक्क्यांनी कमी. सूत्र मात्र ०.६४ वरून ०.६२ वर नुसतं सरकतं. ζ बदलत गेलं की खरा सेटलिंग टाइम असा पायऱ्यापायऱ्यांनी पडतो.

म्हणून ऋतुजाचा ०.५४ चूक नाही. आणि कॉइल तांब्याची आहे हेही विसरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २८ ओहमची कॉइल २५ अंशांनी तापली की जवळपास तीन ओहम वाढले. पायरीच्या काठावर असाल तर तेवढ्यावरही वेळ उडेल. पायरीच्या मधोमध असलात तर कळणारही नाही.

प्रा_मॅडम
हे मात्र वर्गात आम्ही सांगत नाही, सांगायला हवं. तरीही विचारते, मग ते 4/(ζω0) टाकून द्यायचं का? डिझाइनला एक सोपा अंदाज लागतोच.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला
ठेवा ना. पण त्याचं उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत तपासणारे परीक्षक बदला.

ऋतुजा_एसई
५० टक्क्यांवरून उलटं गेले:

```
ζ = −ln(0.5) / √(π² + (ln 0.5)²) = 0.215
R = 2ζ·√(L/C) = 136 Ω
```

सहावं टोक १.६ टक्क्यांवर येतं, म्हणजे ०.५४ ही जुळतं. पण १३६ मधून १२५ गेले, उरलेले ११ ओहम कुठले? ब्रेडबोर्ड?

निखिल पी
ब्रेडबोर्डच. आमच्या लॅबचे बोर्ड बघितलेत ना?

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला
ब्रेडबोर्डचा धड संपर्क एवढा खात नाही. सैल असता तर ट्रेस थरथरला असता. कॉइलला फेराइट कोअर असेल तर मल्टिमीटरचे २८ ओहम डीसीचे आहेत; ५ किलोहर्ट्झला कोअरचा अपव्यय त्यात मिळतो, किती ते कोअरवर अवलंबून. पॉलिस्टर कपॅसिटरचा अपव्यय एक टक्का धरला तर तोही ३ ओहमच्या घरात जातो.

पण त्याआधी दुसरी शक्यता. शिखराची वेळ LC च्या गुणाकाराची ग्वाही देते, L/C च्या भागाकाराची नाही. लेबलवर ±१० टक्के असतं. L खरा ९ आणि C त्या मानाने जास्त असेल तर वेळ तीच राहील आणि ζ वाढेल. म्हणजे ११ ओहम हरवलेच नसतील, तू L चुकीचा धरला असशील.

दोन्हींतला फरक ओळखायला १०० ओहमचा एक रेझिस्टर सीरिजमध्ये टाक आणि पुन्हा लहरी मोज. कवच विरण्याचा दर R/2L आहे, तेव्हा दरात जी वाढ होईल ती १०० भागिले 2L. R किती होता हे माहीत नसतानाही L हाती येतो. १० मिलिहेन्री खरे असतील तर दर ६८०० वरून ११८०० होईल आणि ओव्हरशूट २८ टक्क्यांवर येईल.

प्रा_मॅडम
२८ टक्क्यांना तिसरं टोक दोन टक्क्यांच्या आसपासच असेल. नऊ-दहा मिलिव्होल्टची चूक झाली तर L मध्ये किती फरक पडतो ते आधी काढ. मला वाटतं, ९ की १० हे या मोजणीने ठरणार नाही.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला
तिसरं टोक घ्यायचंच कशाला? पहिलं शिखर आणि पहिली दरी पुरे, आणि चार-पाच वेळा सरासरी.

प्रा_मॅडम
दरी ८ टक्क्यांवर. स्कोप आठ बिटचा, आणि पूर्ण पडद्यावर १.३ व्होल्टचं शिखर बसवायचं म्हटलं तर एक पायरी सहा-सात मिलिव्होल्टची. मी अजून साशंकच.

ऋतुजा_एसई
रेझिस्टर १०० ऐवजी २२ चा घेतला तर? लहरी जास्त मिळतील.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला
लहरी मिळतील, पण दरातली वाढ अकराशेच उरेल. ४७ घेऊन बघ. आणि जर्नलमध्ये दोन्ही R लिही, ४७ सुद्धा आणि १३६ सुद्धा.