अनुभव सांगा: बिलात चूक आपली होती, तेव्हा ग्राहकाला काय शब्दांत कळवलंत?

टाचणी
गेली अकरा वर्षं मी देखभालीची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत बिलिंग बघते. मागच्या महिन्यात एका जुन्या ग्राहकाला आमची चूक कळवायची वेळ आली. आकडे दुरुस्त करायला अर्धा तास लागला, मेल लिहायला मात्र दोन दिवस गेले. म्हणून हा धागा. तुम्ही असा मेल लिहिला असेल किंवा तुम्हाला आला असेल, तर त्यातली वाक्यं जशीच्या तशी आठवून लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

आधी माझं. करार नव्याने झाला तेव्हा तासाचा दर ५०० वरून ४५० झाला होता. करारावर सह्या झाल्या, पण बिलाच्या साच्यात जुनाच दर राहिला. ४०, ५२ आणि ४८ तासांची अशी तीन बिलं जुन्या दराने गेली. पहिल्या दोन बिलांचे पैसे आले होते. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्या अकाउंट्समधल्या बाईंनी करार काढून पाहिला आणि दोन ओळींत विचारलं, "दर कोणता धरलाय?"

मी घाईने उत्तर पाठवलं: "सदर बिलांमध्ये दरासंदर्भात काही तफावत आढळून आली आहे. गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. लवकरच सुधारित बिले पाठवण्यात येतील."

दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: "आढळून कोणाला आली? आम्हीच कळवली ना?"

वाचून कान तापले, पण त्यांचं खरं होतं. माझ्या तीन वाक्यांत कर्ताच नव्हता. तफावत आपली आपण आढळली, बिलं आपली आपण पाठवली जाणार होती. त्यात ते "असल्यास". ४६०० जास्तीचे भरून बसलेल्या माणसाला मी विचारत होते की गैरसोय झाली का!

दुसरा मेल असा गेला:

"आपण विचारलंत ते बरोबर आहे. नव्या करारानुसार दर ४५० हवा होता, आम्ही तिन्ही बिलं ५०० ने लावली. चूक आमची आहे, त्याबद्दल माफी मागते. १४० तासांवर प्रत्येकी ५० प्रमाणे ७००० जास्त लागले आहेत. त्यातले ४६०० आपण भरलेले आहेत, २४०० तिसऱ्या, न भरलेल्या बिलात आहेत. तिन्ही बिलांच्या क्रेडिट नोटा सोबत जोडल्या आहेत. सगळं तिसऱ्या बिलात वळतं केलं तर २४,००० ऐवजी १७,००० देणं राहतं. ४६०० परत हवे असतील तर कळवा, शुक्रवारपर्यंत जमा करू, मग तिसऱ्या बिलाचे २१,६०० राहतील. कराचा फरक प्रत्येक क्रेडिट नोटेत वेगळा दाखवला आहे. तिसऱ्या बिलाची मुदत आजपासून पुन्हा मोजावी. दर बदलला की साचा बदलण्याचं काम आजवर कोणा एकाचं नव्हतं. आता करारावर सही झाली की त्याच दिवशी ते मी करते."

उत्तर एका शब्दाचं आलं: "वळतं". मला तेवढं पुरलं.

जमाखर्च
मी टेबलाच्या पलीकडे बसतो. वीस वर्षं पुरवठादारांची बिलं तपासून मंजुरीला पाठवतोय. दुसरा मेल उत्तम आहे, आणि का ते सांगतो. असा मेल आला की मी पहिल्यांदा माफी शोधत नाही. कुठलं बिल, किती फरक, आणि मला काय करायचंय, हे शोधतो. ते पहिल्या चार ओळींत सापडलं की मन शांत होतं, मग माफीही नीट वाचली जाते.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हा मेल मी माझ्या साहेबांना पुढे पाठवणार असतो. ती दोन बिलं मीच पास केलेली आहेत, म्हणजे तुमच्या चुकीत माझीही सही आहे. एका पुरवठादाराने मला लिहिलं होतं, "मागील बिले आपणाकडून मंजूर झाल्यामुळे चूक लक्षात आली नाही." वाक्य खोटं नव्हतं. पण तो मेल मी साहेबांना पाठवू शकलो नाही, नवा लिहून मागितला. टाचणीताईंनी "आपण विचारलंत ते बरोबर आहे" अशी सुरुवात केली, तिथे त्या बाईंची बाजू आपोआप सांभाळली गेली.

धावपळ
माझा अनुभव वेगळा. मी आधी फोन करतो. आवाज ऐकला की माणूस निवळतो. "साहेब, आमच्याकडून घोळ झालाय, आजच्या आज निस्तरतो," एवढं बोलतो आणि त्याच नंबरचं बिल दुरुस्त करून पाठवतो, वर "सुधारित" लिहितो. क्रेडिट नोट वगैरे लांबण लावली की ग्राहकाला वाटतं, प्रकरण मोठं आहे. आजवर कोणी तक्रार केली नाही.

जमाखर्च
@धावपळ, फोन जरूर करा, विशेषतः रक्कम मोठी असेल तर. पण त्याच नंबरचं दुसरं बिल पाठवू नका. पहिल्याची एन्ट्री आमच्याकडे पडलेली असते. तोच नंबर पुन्हा आला की सिस्टीम तो डुप्लिकेट म्हणून नाकारते. आणि कोणी नंबरापुढे "अ" लावून चढवलाच, तर दोन्ही बिलांचे पैसे जाऊ शकतात. हे मी दोनदा निस्तरलंय. जुनं बिल जागेवर राहू द्या आणि त्याचा नंबर व तारीख लिहून क्रेडिट नोट द्या, म्हणजे तुमचा आणि आमचा खातेउतारा जुळतो. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी मेलवरही आलं पाहिजे. फोन मला साहेबांकडे फॉरवर्ड करता येत नाही.

धावपळ
नंबरचं पटलं. फोनचं मात्र सोडणार नाही.

कोरा_कागद
मी दुसऱ्या टोकाला गेले होते. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एका बिलात वाहतूक खर्च दोनदा लागला होता, रक्कम किरकोळ. मेलमध्ये मी "अत्यंत लाजिरवाणी चूक", "अक्षम्य हलगर्जीपणा", "मनःपूर्वक क्षमायाचना" असं सगळं लिहिलं. माफी पाच वेळा होती, आकडा एकदाच, तोही शेवटच्या परिच्छेदात. दुसऱ्या दिवशी ग्राहकाने वर्षभराच्या सगळ्या बिलांचा तपशील मागवला. आमच्या व्यवस्थापकांना त्यांनी फोनवर सांगितलं, "एवढी माफी मागताय म्हणजे अजून काहीतरी असणार."

तेव्हापासून माफी एकदाच मागते, चूक कबूल केल्यावर लगेच. पत्राच्या शेवटी ती पुन्हा घालत नाही. शब्दही मोजून घेते. "क्षमस्व" मला सूचनाफलकावरचा वाटतो. "दिलगीर आहोत" चालतं, पण त्यापुढे कशाबद्दल ते आलं पाहिजे. "वाहतूक खर्च दोनदा लावला याबद्दल दिलगीर आहोत" म्हटलं की त्यातला कोरडेपणा जातो.

उंबरठा
माझ्या ग्राहकाने चार महिने पैसे दिलेले नाहीत. तीन आठवणपत्रं झाली. आता सूर कडक करावा का?

टाचणी
@उंबरठा, हा धागा आपल्याकडून झालेल्या चुकीचा आहे, वसुलीचा नाही. पण विचारते, त्या बिलावर त्यांनी कधी काही शंका काढली होती का? एखाद्या ओळीवर वाद असला की अख्खं बिल बाजूला पडतं.

उंबरठा
पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं की १२ नग आले, बिल १५ चं कसं. मी लिहिलं, "तपासून कळवतो." आत्ता गोदामाची पावती काढली. १२च आहेत. तीनही आठवणपत्रं मी पूर्ण रकमेची पाठवली.

जमाखर्च
मग कडक सूर विसरा. आजच तीन नगांची क्रेडिट नोट काढा. मेलमध्ये सरळ लिहा की तुम्ही पहिल्या महिन्यातच विचारलं होतं आणि आम्ही उत्तर दिलं नाही. आधी उत्तर न दिल्याची माफी मागा, मग नगांची. आणि त्या मेलमध्ये "आता तरी" हे शब्द नकोत.

पाटीपेन्सिल
चूक ग्राहकाच्या फायद्याची झाली असेल तर? आमच्याकडे ६४ तासांचे ४६ टाइप झाले. (फरक ९ ने भागला जात असेल तर बहुतेक वेळा आकडे उलटसुलट झालेले असतात. इथे १८ होता, म्हणून लवकर सापडलं.) कळलं तेव्हा बिल भरून दोन महिने झाले होते. इथे "आपल्याकडून येणे बाकी आहे" असं लिहिणं मला पटेना. बाकी त्यांनी ठेवलीच नव्हती, मागितलं तेवढं त्यांनी दिलं होतं. मी लिहिलं: "आम्ही ६४ ऐवजी ४६ तास लावले. कामाचा तक्ता सोबत आहे, त्यावर आपल्या पर्यवेक्षकांची सही आहे. आपण आमचं बिल वेळेत आणि पूर्ण भरलं आहे. राहिलेल्या १८ तासांचं फरकाचं बिल आम्ही अजून काढलेलं नाही. ते या महिन्यात काढावं, पुढच्या दोन महिन्यांत विभागावं, की आपलं या वर्षाचं बजेट बंद झालं आहे, हे कळवावं."

त्यांनी दोन हप्ते सांगितले. आमचे भागीदार अजून म्हणतात की शेवटचा पर्याय द्यायलाच नको होता, नुकसान ओढवून घेतलं असतं. मला वाटतं, तो पर्याय दिला म्हणूनच उत्तर आलं.

कोरा_कागद
मी तुमच्या भागीदारांच्या बाजूने. पैसे सोडायचे असतील तर सोडावेत, नाहीतर मागावेत. तिसरी वाट दाखवली की आपल्यालाच खात्री नाही असं वाटतं.

जमाखर्च
दोन महिन्यांनी आलेलं फरकाचं बिल मी तरी वरच्या मंजुरीशिवाय घेऊ शकत नाही. सही असलेला तक्ता जोडला होता, माझ्या दृष्टीने काम त्याने झालं.

निळी_शाई
कारण किती सांगायचं यावर कोणी लिहिलं नाही. मी एकदा "नवीन कर्मचाऱ्याकडून नजरचुकीने झाले" असं लिहिलं. पुढच्या बैठकीत ग्राहकाने त्या मुलासमोरच विचारलं, "हेच का ते?" तो काही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चूक त्याची नव्हतीच. दरपत्रक मी त्याला दिलंच नव्हतं. मेलमधली ती ओळ आता मागे घेता येत नाही. आता कारण लिहिताना माणूस लिहीत नाही, कामातली कुठली पायरी सुटली ते लिहिते. "तांत्रिक कारणास्तव" सुद्धा लिहीत नाही, कारण त्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, "कुठलं?"

टाचणी
@निळी_शाई, त्या मुलाशी नंतर बोललात का?

एक प्रश्न माझाही बाकी आहे. ही चूक सापडल्यावर मी बाकीच्या ग्राहकांचे दर तपासले. आणखी एकाच्या एका बिलात तोच प्रकार निघाला, रक्कम अगदी थोडी. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मेल आज संध्याकाळी पाठवणार आहे. पहिली ओळ अशी लिहिली आहे: "आपल्या मागच्या बिलात आम्ही जुना दर लावला, हे आज आमच्या तपासणीत सापडलं." दुसऱ्या ग्राहकामुळे ही तपासणी सुरू झाली हे त्यात सांगावं का, ठरत नाहीये.

जमाखर्च
सांगू नका. तो त्या ग्राहकाचा विषय आहे. पण "आमच्या तपासणीत" खरं आहे, तेवढं ठेवा.

निळी_शाई
@टाचणी, बोलले. त्या ग्राहकालाही लिहिलं की दरपत्रक माझ्याकडून द्यायचं राहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही.