दोन वर्षांचं मूल, मोजके शब्द आणि "कुकरची शिटी ऐकतो की!" — तुमचे अनुभव सांगा

सागरवेळ: आज अंगणवाडीत एक आजी म्हणाली, "कुकरची शिटी वाजली काय धावत येता, कान बरे आसत त्याचे." हेच वाक्य इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं असेन, म्हणून धागा काढतेय. शिटी मोठी असते, बोलणं हळू असतं. मोठे आवाज ऐकून वळणाऱ्या मुलाला साधं बोलणं अर्धवट ऐकू येत असू शकतं. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द हवेत आणि "पाणी दे", "बाबा गेला" अशी दोन शब्दांची जोडणी सुरू व्हायला हवी. तसं नसेल तर आधी कान तपासा, मग बाकीचं.

देवगडची सून: मुलगे उशिराच बोलतात हो. आमचे मामंजी चौथ्या वर्षी बोलले, पुढे कीर्तन करायचे. तीन वर्षांपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

श्रवणतज्ज्ञ_कोकण: मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं. पण तो फरक थोडा आहे, वर्षभर थांबण्याइतका नाही. कोणतं मूल आपोआप बोलेल आणि कुणाचे कान कमी आहेत, हे घरी बसून कळत नाही. येत असलेले शब्द गेले तर एक दिवसही थांबू नका, मग वय काहीही असो.

चिपळूणकर आई: लेक २५ महिन्यांचा. मोजले तर १९ शब्द. भूभू, म्याव धरायचे का? आणि आजीकडे मालवणी, घरी मराठी, म्हणून मागे पडलाय का? जन्मानंतर कानाची तपासणी पास झाली होती. पावसाळ्यात सर्दी मात्र सारखी.

श्रवणतज्ज्ञ_कोकण: भूभू धरा. कुत्र्यालाच आणि दर वेळी म्हणत असेल तर तो शब्द. 'पाणी'ला 'पाई' म्हणत असेल तरी धरा. दोन्ही भाषांतले मिळून मोजा, दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. आठवडाभर कागद स्वयंपाकघरात लावा, ऐकला की लिहा; आठवून मोजलं तर चुकतं.

जन्मावेळची तपासणी त्या दिवसापुरती. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, दुखत नाही, पू येत नाही, म्हणून कळत नाही. मूल टीव्हीजवळ जातं, हाक मारली की कधी वळतं कधी नाही, घरचे म्हणतात हट्टी आहे. आधी टिंपॅनोमेट्री करा, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ती तपासणी; मिनिटभराचं काम, फक्त रडू नये. आलेख सपाट आला तर पाणी असण्याचीच शक्यता जास्त. मग किती ऐकू येतं ते बेरात कळतं, म्हणजे कानात आवाज देऊन मेंदूपर्यंत पोचतो का ते वायरींनी बघतात त्या तपासणीत.

रत्नांग्री_बाबा: बेराला जाताना टीप: मूल झोपेत लागतं. पहाटे उठवा, एसटीत झोपू देऊ नका, नाहीतर तिथे टक्क जागं. आणि डोक्याला तेल लावू नका! कपाळाला, कानामागे वायरी चिकटवतात, तेलावर टिकत नाहीत.

देवगडची सून: आमच्याकडे तर कानातही गरम तेल घालतात.

श्रवणतज्ज्ञ_कोकण: घालू नका. पडद्यामागचं पाणी तेलाने जात नाही, आणि पडद्याला भोक असेल तर तेल आत जातं.

मालवणी_काका: पुतण्या चार वर्षांचा, बोलता भरपूर पण अडखळता. तेका पण हीच बेरा करूची काय?

सागरवेळ: काका, तोतरेपणा वेगळा विषय. त्याला वाचा उपचार करणाऱ्यांना दाखवा.

चिपळूणकर आई: टिंपॅनोमेट्री झाली. दोन्ही कान सपाट. बेरात ३५ ते ४० डेसिबलच्या वरचेच आवाज ऐकू येतात असं आलं. म्हणजे कायमचं?

श्रवणतज्ज्ञ_कोकण: रिपोर्ट न बघता ठाम सांगत नाही, पण पाणी असेल तर बहुतेकदा उतरतं. म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तेव्हाही तसंच असलं तर ईएनटी कानाच्या पडद्यात छोटी नळी बसवायचा विचार करतात. तोवर समोर बसून, हातभराच्या अंतरावरून, टीव्ही बंद करून बोला. नुसता क्लिकचा आवाज वापरून केलेल्या बेरात जाड, खालचे स्वर नीट कळत नाहीत, म्हणून काय वापरलं तेही विचारा.

सागरवेळ: वाचा उपचार लगेच सुरू करा असं मी म्हणेन. तीन महिने या वयात फार.

श्रवणतज्ज्ञ_कोकण: यावर आमच्यातच दोन मतं आहेत. पाणी उतरल्यावर काही मुलं भराभर बोलतात. पण बोललेलं समजत नसेल, हातवारे न करता "बूट आण" सांगितलेलं कळत नसेल, तर मीही थांबणार नाही.

रत्नांग्री_बाबा: सिंधुदुर्गातल्यांनी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, अंगणवाडीत येणारं बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक चिठ्ठी देतं. पथक वर्षातून दोनदाच येतं, तोवर वाट पाहू नका, सेविकेला सांगा.

चिपळूणकर आई: रत्नागिरीलाही असंच का?

सागरवेळ: हो, जिल्हा रुग्णालयात. आधी फोन करून बेराचा वार विचारा.